पहिली भेट घाबरल्यामुळे बिघडली. पुन्हा भेटण्याविषयी संदेश कसा लिहावा?

नदीकाठ (बुधवार, रात्री ९.१५)

नमस्कार. मी ३१ वर्षांचा असून पुण्यात बांधकाम अभियंता म्हणून नोकरी करतो. लग्न जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावर एका मुलीशी माझी ओळख झाली. दोघांच्याही घरी अजून काही सांगितलेले नाही. आधी आपण दोघे भेटू, पटले तर पुढचे बघू, असे आमचे ठरले होते. तीन आठवडे व्हॉट्सॲपवर आमचे रोज बोलणे होत असे आणि ते अगदी मोकळेपणाने होत असे. दुसऱ्या आठवड्यात तिनेच 'अहो-जाहो पुरे आता' असे लिहिले आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांना 'तू' म्हणू लागलो.

गेल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता डेक्कनवरच्या एका कॅफेत आम्ही पहिल्यांदा भेटलो. मी साडेचारलाच जाऊन बसलो होतो आणि ती येईपर्यंत दोन कॉफ्या प्यायलो. ती आली तेव्हा माझ्या हाताला इतका कंप सुटला होता की पाण्याचा पेला उचलायचे मी टाळत होतो. रविवारी सकाळी आपण जुन्या वाड्यांची रेखाटने करायला पेठांमधून हिंडतो, असे ती सांगू लागली. तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत मी वाड्यांच्या भिंतींना ओल का धरते ते सांगायला सुरुवात केली आणि तिथून काँक्रीटच्या घनांवर गेलो. सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ते यंत्रात दाबून का फोडतात, हे मी तिला निदान पंधरा मिनिटे सांगत होतो. मध्येच मी तिला 'तुम्ही' म्हणू लागलो. तिच्या चेहऱ्यावरून ते तिच्या लक्षात आल्याचे मला दिसले, पण पुन्हा 'तू'वर येणे मला जमले नाही. मग एकाएकी सगळे विषयच संपले. पाच चाळीसला मी 'साइटवरून बोलावणे आले आहे' असे सांगून उठलो, काउंटरवर जाऊन बिल दिले आणि निघालो. साइटवरून कोणीही बोलावले नव्हते.

त्याच रात्री तिचा संदेश आला : 'घरी पोहोचले. साइटचं काम झालं का?' मी 'हो' एवढेच लिहिले. त्यानंतर तीन दिवस दोघांकडूनही काही नाही.

मला तिला पुन्हा भेटायचे आहे. त्यासाठी मी पुढील मजकूर लिहून ठेवला आहे, अजून पाठवलेला नाही. तो कसा वाटतो ते कृपया सांगावे.

> 'रविवारी जे झालं त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. मला लहानपणापासून नवीन माणसांसमोर बोलायची भीती वाटते. कॉलेजमध्येही असंच व्हायचं. तुझ्यासारखी हुशार आणि समंजस मुलगी समोर असल्यावर माझं सगळंच गडबडलं. मी एरवी असा नाही. तू माझ्याबद्दल काय विचार करत असशील या विचाराने मला तीन रात्री झोप नाही. मला माहीत आहे की तुझा वेळ वाया गेला. माझ्याशी पुन्हा बोलायची तुझी इच्छा नसेल तर मी समजू शकतो, पण मला एक संधी दिलीस तर मी तुझा फार आभारी राहीन. प्लीज काहीतरी उत्तर दे.'

विक्रांत_७ (बुधवार, रात्री ९.४०)

मित्रा, हे पाठवू नकोस. घाबरलो होतो, झोप नाही, कॉलेजातही असेच व्हायचे, या गोष्टी समोरच्याला सांगायच्या नसतात. झाल्या भेटीचा उल्लेखच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी आठवडाभर जाऊ दे आणि मग सहज लिही : 'शनिवारी भेटायचं का?' आपण एखाद्या गोष्टीचा जितका ऊहापोह करतो तितकी ती समोरच्याच्या मनात मोठी होते. माझ्या बाबतीत हे दोन वेळा खरे ठरले आहे. आणि 'प्लीज उत्तर दे' हे तर कोणत्याही परिस्थितीत लिहू नकोस, त्या तीन शब्दांनी सगळे ओझे तिच्या अंगावर पडते.

श्रीधरपंत (बुधवार, रात्री १०.०५)

मुलगी चांगली वाटते. घरी पोहोचल्याचे तिने आपणहून कळवले, हे आजकाल कमी दिसते. माझे मत असे की आता मुलांनी मुलांतच हे घोळत ठेवू नये. तुझ्या आईने तिच्या आईला फोन करावा आणि 'मुलगा जरा बुजरा आहे, पुन्हा एकदा आमच्याकडे चहाला या' असे सांगावे. आमच्या वेळी पोह्यांच्या कार्यक्रमात मी तोंडातून अक्षर काढले नव्हते. माझ्या मामांनी दुसऱ्या दिवशी जाऊन सगळे सावरून घेतले. आज त्या गोष्टीला ३८ वर्षे झाली. मोठ्या माणसांचा शब्द मध्ये असला की गैरसमज टिकत नाही.

नदीकाठ (बुधवार, रात्री १०.२०)

श्रीधरकाका, आपण आपुलकीने सुचवलेत याबद्दल आभारी आहे. परंतु घरच्यांना इतक्यात सांगायचे नाही असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे, आणि तिला न विचारता ते मोडणे मला योग्य वाटत नाही. तिच्या घरी हा विषयच माहीत नसताना एकदम फोन गेला तर तिची अडचण होईल.

विक्रांत, शेवटचे वाक्य काढतो. पण काही झालेच नाही असे धरून लिहायला मला जमेल असे वाटत नाही.

मुक्ता_न (बुधवार, रात्री ११.३०)

मी समुपदेशक आहे आणि पहिल्या भेटीत गोठून जाणारी मुले-मुली माझ्याकडे नेहमी येतात. त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

तुमचा मजकूर वाचून मला सर्वांत आधी हे जाणवले की तुम्ही ज्या गोष्टीची माफी मागत आहात ती तिला बहुधा दिसलेलीच नाही. हाताचा कंप, छातीतली धडधड, डोक्यातली पळापळ हे सगळे तुम्हाला आतून इतके मोठे जाणवते की समोरच्यालाही ते स्वच्छ दिसले असणार अशी तुमची खात्री होते. अमेरिकेतल्या गिलोविच, सावित्स्की आणि मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली याच गोष्टीवर प्रयोग केले होते. त्यातल्या एका प्रयोगात लोकांना नकोशा चवीचे पेय चेहऱ्यावर काही न दाखवता प्यायला सांगितले. पिणाऱ्यांना वाटले की बघणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपल्याला ओळखले असेल. प्रत्यक्षात ओळखणारे त्यांच्या अंदाजापेक्षा कमी निघाले. पुढे २००३ साली त्यांच्यापैकी दोघांनी भाषण करणाऱ्यांवर असाच अभ्यास केला आणि वक्त्यांना स्वतःची भीती जितकी उघड वाटते तितकी ती श्रोत्यांना दिसत नाही, हेच पुन्हा आढळले.

आता रविवारची भेट तिच्या खुर्चीत बसून पाहा. तीन आठवडे मोकळेपणाने बोलणारा मुलगा भेटायला आला. तिने तिच्या आवडीची गोष्ट सांगायला घेतली तेव्हा त्याने विषय बदलला. ज्या 'तू'साठी तिने स्वतः पुढाकार घेतला होता त्यावरून तो पुन्हा 'तुम्ही'वर गेला. चाळीस मिनिटांत काम काढून उठला, तिला न विचारता बिल देऊन मोकळा झाला. तरीही रात्री तिने विचारले, 'साइटचं काम झालं का?' त्यावर त्याने 'हो' लिहिले आणि गप्प बसला. यातून ती काय समजेल? हा मुलगा घाबरला होता असे नव्हे, तर याला मी आवडले नाही आणि सांगायचा संकोच वाटतो म्हणून हा टाळत आहे, असे समजेल.

म्हणून तुमच्या संदेशाला प्रथम तो गैरसमज दूर करायचा आहे. तुमच्या स्वभावाचा इतिहास त्यासाठी लागत नाही. 'मी घाबरलो होतो' हे एक वाक्य मात्र लागते, कारण त्याच्याशिवाय उठून जाण्याचा अर्थ बदलत नाही. विक्रांत यांचे निम्मे म्हणणे मला पटते : ऊहापोह नको. पण उल्लेखच नको हे इथे चालणार नाही. भेट नुसती अवघडलेली झाली असती तर 'शनिवारी भेटायचं का' पुरले असते. इथे तिला एक चुकीचा निरोप गेलेला आहे आणि आणखी आठवडाभर थांबलात तर तोच पक्का होईल.

आणखी एक. तिचा तो प्रश्न अजून अनुत्तरित आहे असे समजा. नवीन विषय काढण्यापेक्षा त्या प्रश्नावर परत या. ते दार तिने उघडून दिलेले आहे.

ती 'हो' म्हणेलच असे मी सुचवत नाही. कदाचित तिला भेट खरोखरच आवडली नसेल. परंतु तिने जो निर्णय घ्यायचा तो खऱ्या माहितीवर घ्यावा, एवढे तुमच्या हातात आहे.

रानजाई (गुरुवार, सकाळी ७.५०)

मी असा संदेश मिळालेली मुलगी आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला मी भेटले. तो जवळजवळ बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मोबाइलच्या पडद्यावर तीनदा सरकवावा लागेल इतका लांब संदेश आला. त्यात त्याचे बालपण होते, आधीचे एक नाते होते, माझी खूप स्तुती होती. मला त्याचे वाईट वाटले, आणि वाईट वाटले म्हणूनच मी पुन्हा भेटायला गेले नाही. त्या माणसाला आता मी सांभाळायचे आहे, 'नाही' म्हटले तर त्याचे काय होईल ते मला बघायचे आहे, असे दडपण माझ्यावर आले. मी दोन दिवस उत्तर दिले नाही, तर त्याचे आणखी चार संदेश आले. मग मी त्याला ब्लॉक केले. तो वाईट मुलगा नव्हता, हे मला आजही वाटते.

तुमच्या मजकुरात 'तीन रात्री झोप नाही' हे वाक्य वाचताना मला तेच दडपण पुन्हा आठवले. ते काढा. 'तुझ्यासारखी हुशार आणि समंजस' हेही काढा. तुम्ही तिला बोलू दिले नाहीत, तर हुशार आहे हे तुम्हाला कळले कुठून, असे तिच्या मनात येईल.

आणि नुसते 'पुन्हा भेटू' असे लिहू नका. कुठे, किती वाजता, किती वेळ, हे लिहा. 'कधीतरी भेटू' याला उत्तर देताना सगळे ठरवायचे काम मुलीवर येते. जागा वर्दळीची असावी, वेळ दिवसाची असावी आणि भेट तासाभराची असावी. दुसऱ्या भेटीला टेकडीवर फिरायला बोलवू नका. तुमच्या मनात काही नसेल, पण चाळीस मिनिटे पाहिलेल्या माणसाबरोबर एकटीने टेकडी चढायची की नाही, हा विचार तिला करावाच लागेल.

नदीकाठ (गुरुवार, सकाळी ८.३५)

मुक्ताताई, तुमचे लिहिणे वाचून मी रात्री आमचे सगळे संदेश पुन्हा वाचले. तिचा तो प्रश्न मी तेव्हा औपचारिक समजलो होतो. खोटे सांगितल्याची लाज वाटत होती म्हणून मी लवकरात लवकर तो विषय बंद केला. तिला आपण आवडलो नाही असे वाटले असेल, ही शक्यता माझ्या मनातही आली नव्हती.

रानजाई, मी खरोखरच तळजाईच्या टेकडीचे नाव सुचवणार होतो. तुम्ही लिहिलेत ते बरे झाले.

जागेचा विचार करताना राजा दिनकर केळकर संग्रहालय मनात आले. तिथे जुन्या घरांचे कोरीव दरवाजे आहेत, दिवे आहेत, अडकित्ते आहेत, आणि कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल आहे. तिला वाड्यांची आवड आहे. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी उभे राहून एखादी वस्तू बघत बोलणे मला सोपे जाईल, हाही विचार त्यात आहे. हे बरोबर आहे का?

विक्रांत_७ (गुरुवार, सकाळी ९.१०)

जागा उत्तम. आणि या वेळी आधी जाऊन कॉफी पीत बसू नकोस. मी औषधांच्या क्षेत्रात आहे म्हणून सांगतो, कॉफीतल्या कॅफीनचा जोर प्यायल्यानंतर साधारण पाऊण-एक तासात सर्वाधिक असतो आणि अर्धे कॅफीन अंगातून जायलाच सुमारे पाच तास लागतात. तू साडेचारला सुरुवात केलीस, म्हणजे ती समोर बसली होती नेमक्या त्याच वेळात ते चढत गेले. हाताचा कंप सगळाच भीतीचा नसावा.

उल्लेख करावा की नाही याबद्दल मुक्ता यांचे म्हणणे मी मान्य करतो. तिने रात्री प्रश्न विचारला होता हे मी नीट वाचले नव्हते.

भाषावेडी (गुरुवार, दुपारी १.२५)

मजकुराच्या शब्दांविषयी थोडे लिहिते, कारण मराठीत अशा ठिकाणी एखाद्या प्रत्ययानेही अर्थ पालटतो.

पहिला प्रश्न 'तू' की 'तुम्ही' हा. माफीचा मजकूर लिहिताना हात आपोआप 'तुम्ही'कडे जातो, कारण ते अधिक नम्र वाटते. इथे ते अगदी उलट पडेल. तिने 'तू' देऊ केले होते आणि तुम्ही समोरासमोर ते परत केलेत. संदेशात सुरुवातीपासून 'तू'च हवे, आणि ते पहिल्याच वाक्यात दिसायला हवे.

दुसरे, भेटीचा प्रश्न. 'भेटूया' म्हटले की ठरल्यासारखे होते आणि नकार देणाऱ्याला ठरलेली गोष्ट मोडावी लागते. 'भेटायला आवडेल' यात तुमची आवड कळते, पण विचारलेले काहीच नसते, मग उत्तर नेमके कशाला द्यायचे ते तिला कळत नाही. 'भेटशील का?' हा साधा प्रश्न आहे, 'हो' आणि 'नको' दोन्ही त्यात सारख्याच सहजतेने बसतात.

'एक संधी दे' हेही नको. संधी देणारा वर बसलेला असतो आणि मागणारा खाली. लग्नाच्या विचाराने भेटणाऱ्या दोघांत हे नाते पहिल्याच आठवड्यात कशाला आणायचे?

माफीसाठी 'क्षमस्व' किंवा 'दिलगीर आहे' असे कार्यालयीन शब्द व्हॉट्सॲपवर परके वाटतील. 'ते चुकलं' किंवा 'माझं चुकलं' पुरेसे आहे, आणि एकदाच.

नदीकाठ (गुरुवार, संध्याकाळी ७.४०)

सर्वांच्या सूचना लक्षात घेऊन पुन्हा लिहिले आहे.

> 'रविवारी रात्री तू विचारलं होतंस, साइटचं काम झालं का. मी नुसतं "हो" म्हणालो. खरं म्हणजे साइटवर काही काम नव्हतं. मी फार घाबरलो होतो, बोलायला काही सुचेना, म्हणून तसं सांगून उठलो. ते चुकलं. तू वाड्यांच्या रेखाटनांबद्दल सांगत होतीस आणि मी तुला पुढे बोलूच दिलं नाही, ते मला ऐकायचं आहे. येत्या शनिवारी किंवा रविवारी सकाळी अकरा वाजता केळकर संग्रहालयात तासभर भेटशील का? तिथे जुन्या घरांचे कोरीव दरवाजे आहेत. नको वाटत असेल तर "नको" एवढंच लिही, मी पुन्हा विचारणार नाही.'

एका गोष्टीविषयी मन साशंक आहे. साइटचे काम खोटे होते हे सांगावे का? ते काढून 'मी घाबरून लवकर उठलो' एवढेच ठेवले तरी अर्थ पोहोचतो.

श्रीधरपंत (गुरुवार, रात्री ८.१०)

मजकूर चांगला उतरला आहे. माझा आधीचा सल्ला तुमच्या परिस्थितीला लागू नव्हता, हे मी मान्य करतो. परंतु खोटे बोललो हे आपल्या हाताने लिहून देऊ नये. लग्न ठरायच्या आधीच्या गोष्टी पुढे वर्षानुवर्षे आठवल्या जातात.

रानजाई (गुरुवार, रात्री ८.४५)

काका, माझे मत वेगळे आहे. त्याने सांगितले नाही आणि पुढे कधीतरी बोलता बोलता निघाले, तर तिला ते जास्त लागेल. शिवाय 'घाबरून लवकर उठलो' असे लिहिले की साइटच्या फोनचे काय, हा प्रश्न तिला पडणारच. तिने त्या कामाची चौकशी केली होती. अर्धे सांगितलेले जास्त डाचते.

मुक्ता_न (गुरुवार, रात्री ९.३०)

मीही सांगावे या मताची आहे, पण श्रीधरकाकांची काळजी निराधार नाही. काही जणांना खोटेपणाचे इतके वावडे असते की कारण काहीही असो, ते तिथेच थांबतात. ती तशी असेल तर हा संदेशच नकाराचे कारण ठरू शकतो. ही जोखीम नदीकाठ यांनी जाणून घ्यावी आणि मग ठरवावे. आमच्यापैकी कोणी ती त्यांच्या वतीने घेऊ शकत नाही.

शेवटच्या वाक्याकडे मात्र बघा. 'मी पुन्हा विचारणार नाही' हे तुम्ही तिला मोकळीक देण्यासाठी लिहिले आहे, पण वाचताना त्यात किंचित रुसवा ऐकू येतो. 'नको वाटत असेल तर "नको" एवढंच लिहिलंस तरी चालेल' इथे थांबा. न विचारण्याचे वचन लिहून द्यायची गरज नाही, ते पाळायचे असते.

आणि रात्री उशिरा पाठवू नका. रात्री अकराला आलेला असा संदेश वाचणाऱ्याला लगेच काहीतरी ठरवावे लागेल असे वाटते. पाठवल्यावर निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आले नाही, तरी दुसरा संदेश नको.

नदीकाठ (शुक्रवार, दुपारी १२.५०)

साइटविषयीचे वाक्य ठेवले, शेवटचे वाक्य मुक्ताताईंनी सुचवल्याप्रमाणे बदलले आणि सकाळी साडेनऊला पाठवले. ९.४१ला तिने वाचले. अजून उत्तर नाही.

नदीकाठ (शुक्रवार, रात्री ९.०५)

उत्तर आले आहे. तिची परवानगी न घेता ते शब्दशः इथे देणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून आशय सांगतो. मी तिला नापसंत केले असेच ती समजली होती आणि संकेतस्थळावरची माझी ओळख तिने यादीतून काढूनही टाकली होती. घाबरण्याचे तिला काही वाटले नाही. हात थरथरत होते हे तिने पाहिलेच नव्हते. साइटविषयी खोटे का बोललो ते मात्र तिला नीटसे कळलेले नाही, असे तिने सरळ लिहिले आहे. या शनिवार-रविवारी ती नाशिकला घरी जात आहे, आल्यावर सांगते म्हणाली. संग्रहालयाविषयी 'हो' नाही आणि 'नको'ही नाही.

मी उत्तरात लिहिले : 'बरं. खोटं का बोललो ते भेटलो तर समोर सांगेन. सावकाश जाऊन ये.'

आता मी पुढे काही लिहावे, की तिने आल्यावर सांगेपर्यंत थांबावे?

मुक्ता_न (शुक्रवार, रात्री ९.५०)

थांबा. तिने 'आल्यावर सांगते' म्हटले आहे, म्हणजे पुढचे पाऊल तिचे आहे. तिने खोटेपणाविषयी पुन्हा विचारले तर मात्र 'भेटल्यावर सांगतो' असे दुसऱ्यांदा लांबणीवर टाकू नका. फोनवर बोलायची तयारी दाखवा आणि कॅफेतली ती शेवटची पाच मिनिटे जशी गेली तशी सांगा.

रानजाई (शुक्रवार, रात्री १०.१५)

मला थोडे वेगळे वाटते. सोमवार-मंगळवारी ती परत आली आणि गुरुवारपर्यंत काही बोलली नाही, तर 'नाशिकला कसं झालं?' एवढे एक वाक्य लिहायला हरकत नसावी. भेटीचा विषय त्यात काढायचा नाही. मला मिळालेले चार संदेश चारही 'उत्तर दे' म्हणणारे होते; नुसती विचारपूस करणारा एकही नव्हता. फरक तिथे आहे. अर्थात तिच्याशी तीन आठवडे तुम्ही बोलला आहात, तिला काय रुचेल ते तुम्हाला आमच्यापेक्षा अधिक कळेल.

नदीकाठ (शुक्रवार, रात्री १०.४०)

गुरुवारपर्यंत थांबतो. त्यानंतरचे अजून ठरवलेले नाही. उद्या सकाळी संग्रहालयात जाऊन वरच्या मजल्यांवर काय काय आहे ते बघून येईन. ती आली किंवा नाही आली तरी मला ते बघायचे आहे.